लाल खांबांचा मजला

माझी मुलगी दिपिका विमानतळाच्या काचेच्या दारातून आत गेली आणि मी बाहेर राहिलो. त्या दारातून तिकीट असलेल्या माणसालाच आत सोडतात. आत गेल्यावर तिने एकदा वळून पाहिले, हात वर केला, आणि मग सामानाच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसांच्या मागे ती दिसेनाशी झाली. ती बहारीन या देशी एका इस्पितळात परिचारिकेच्या नोकरीवर निघाली होती. करार दोन वर्षांचा होता.

वस्तुतः ती याच्या आधीच जायची होती. पहिल्या वेळी सर्व कागद तयार असताना तिनेच नकार कळवला. कारण विचारले तेव्हा, "तुला एकट्याला घरात बघून माझा पाय निघत नाय," एवढेच म्हणाली. तिची आई अनिता हिला जाऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. मी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवतो. रंगकाम आणि डोळ्यांची आखणी, एवढेच माझे काम. गिऱ्हाइकाशी बोलणे, बँकेत जाणे, फोनवरून ऑर्डर घेणे ही बाहेरची सर्व कामे आधी अनिता व नंतर दिपिका पाहत असे. त्यामुळे बाहेरच्या जगात हा माणूस एकटा टिकणार नाही, अशी मुलीची समजूत झाली होती, आणि ती अगदीच निराधार होती असे मला म्हणवत नाही.

दुसऱ्या वेळी नोकरीचे पत्र आले तेव्हा मी तिला बसवून सांगितले की आता माझ्यासाठी राहिलीस तर मला ते सोसणार नाही. गणपती होऊन गेले, कारखान्यातील मांडण्या रिकाम्या झाल्या, आणि तिकीट निघाले.

सकाळी गावातील जगनच्या गाडीने आम्ही आलो. जगनला पुढे भिवंडीला जायचे असल्याने तो आम्हाला सोडून निघून गेला. परतीसाठी दिपिकाने आपल्या मोबाइलमधील ॲपवरून माझ्यासाठी थेट गावापर्यंतची गाडी ठरवली, तीही तिच्या विमानात चढण्याच्या वेळेच्या जरा आधीची.

"हे बघ, बाबा," ती म्हणाली, "गाडी तुझ्या नावानं केलीय, पण ॲप माझ्याकडं हाय. डायवर तुला फोन करील. तू त्याला ओटीपी सांगायचा. ओटीपी घातला की फेरी चालू झाली असं मला इथं दिसंल."

"नाय दिसलं तर?"

"नाय दिसलं तर मी विमानात नाय चढायची."

"येड्यासारखं बोलू नको गो."

"मी खरं सांगतेय. तू गाडीत बसलेला दिसला तर मी जाईन. नायतर बाहेर येईन नि आपण दोघं एसटीनं घरी जाऊ."

ती हसली नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. जी मुलगी एकदा हाती आलेली नोकरी सोडून बसली, ती दुसऱ्यांदाही सोडील, हे मला कळून चुकले. माझ्या मोबाइलवरून मी कोठे आहे हे तिला सतत दिसत राहील अशी काही व्यवस्थाही तिने करून ठेवली. एकंदरीत माझ्यापुढे काम एकच होते. ती विमानात चढण्याच्या आत मला त्या गाडीत बसायचे होते.

सोडायला आलेली वाहने त्या दारापाशी क्षणभर थांबतात आणि निघून जातात. न्यायला आलेल्या ॲपच्या गाड्यांना मात्र तेथे थांबण्याची मुभा नसते. त्यांच्यासाठी बाजूच्या वाहनतळाच्या इमारतीत एक मजला राखून ठेवलेला असतो, आणि माणसाने स्वतः चालत तेथपर्यंत जायचे असते. त्या इमारतीच्या मजल्यांना इंग्रजी 'पी' हे अक्षर आणि पुढे आकडा अशी नावे आहेत. दिपिकाने मला मजला, लिफ्ट आणि वळण असे सर्व दोनदा सांगितले होते व माझ्याकडून दोनदा वदवूनही घेतले होते.

तिचे आतले सोपस्कार होईपर्यंत मी बाहेरच बसून राहिलो आणि गाडीची वेळ झाल्यावर त्याप्रमाणे गेलो. पूल ओलांडला, इमारतीत शिरलो, सांगितलेल्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलो. समोर पिवळ्या पट्ट्यांचे अडथळे उभे केलेले होते. आत काम चालू होते, फरशी उखडलेली होती, आणि गाडी एकही नव्हती. एका पाटीवर गाडीचे चित्र काढून त्याखाली बाण रेखला होता. बाण खाली दाखवत होता. परंतु किती खाली, ते पाटीवर लिहिलेले नव्हते.

तेवढ्यात फोन वाजला.

"हरेश काका काय?" पलीकडून आवाज आला. "मी निलेश, गाडीवाला. पोचलोय मी. तुमी कुठं हाव?"

बोलणे ऐकताच हा आपल्या बाजूचा माणूस आहे हे माझ्या ध्यानी आले, आणि मला फार बरे वाटले.

"मी पोरीनं सांगितलेल्या मजल्यावर हाय. इथं काम चाललंय."

"व्हय, तो मजला आज बंद हाय. आमाला खाली लावायला सांगितलंय."

"खाली म्हंजे कितव्या?"

"ते नाय सांगता येणार. मी रस्त्यावरनं गोल गोल चढून आलोय, नंबराची पाटी पार तिकडं लिफ्टजवळ हाय. पण सोपं हाय, काका. लिफ्टनं खाली या. लाल खांबांचा मजला. लाल खांब दिसले की उतरा, नि बारा नंबरच्या खांबाशी या. पांढरी गाडी."

"तुमीच वर येता का?"

"गाडी सोडली तर लगेच जॅमर घालतात हो. नि गाडी घेऊन निघालो तर परत बाहेरनं फेरा घालून यायला लागंल. तुमीच या."

मी लिफ्टमध्ये शिरलो. आत एक कुटुंब सामानासह उभे होते. लिफ्ट एका मजल्यावर थांबली, दार उघडले. तेथील खांब हिरवे होते. ते कुटुंब उतरून गेले व मी एकटा राहिलो. पुढच्या मजल्यावर दार उघडले तेव्हा समोरचे खांब खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत शेंदरी रंगाने रंगवलेले दिसले. शेंदरी म्हणजे पिवळ्याच्या घरातला रंग. पिवळा आधी, त्यात लाल मागाहून आलेला. मी जागेवरच उभा राहिलो. दार बंद झाले. त्याखालच्या मजल्यावर पुन्हा उघडले आणि तेथे मला लाल खांब दिसले. रंग कुंकवाहून गडद होता, लालात किंचित काळा घातला की होतो तसा, पण लालच. मी उतरलो.

तो मजला जवळजवळ रिकामा होता. दूरवर काही गाड्या उभ्या होत्या, पण त्यांवर धूळ बसलेली होती आणि त्यांत माणूस नव्हता. छत इतके बुटके की हात वर केला तर लागेल असे वाटावे. खांबांवर पांढऱ्या रंगात आकडे काढलेले होते. मी आकडे वाचत वाचत चालत गेलो आणि बारा क्रमांकाच्या खांबापाशी पोहोचलो.

तेथे गाडी नव्हती.

मी खांबाभोवती फिरून पाहिले. अलीकडचा खांब पाहिला, पलीकडचा पाहिला. माझ्याच चपलांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. आमच्या कारखान्यातही भाद्रपद सरल्यावर अशीच शांतता पसरते, परंतु त्या शांततेत मातीचा वास असतो. येथे कशाचाच वास नव्हता.

मी निलेशला फोन लावला. दोन वेळा लागला नाही, तिसऱ्या वेळी लागला.

"मी बारा नंबरला उभा हाय," मी म्हटले.

"मीपण बाराला उभा हाय."

"खांब लाल हाय ना?"

"लालभडक. तुमी दिसत नाय मला."

"तुमीपण दिसत नाय."

"काका, हात वर करा बरं."

मी हात वर केला. त्या निर्जन मजल्यावर, कोणी पाहणारे नसताना, मी बराच वेळ हात वर धरून उभा राहिलो.

"केला," मी सांगितले.

"नाय दिसत," तो म्हणाला. "इमारत तर हीच ना? का तुमी दुसरीकडं गेलाव?"

इमारत एकच होती. मी तसे सांगितले. त्यावर तो म्हणाला, "माझा थांबायचा टायम संपत आलाय. नंतर मला कॅन्सल करता येतं. मी करणार नाय म्हणा, मलापण तिकडंच जायाचंय. पण मागनं शिट्ट्या मारायला लागलेत, ते गाडी काढायला लावतील."

त्याचा फोन ठेवतो न ठेवतो तोच दिपिकाचा फोन आला.

"बाबा, गाडी येऊन उभी हाय. अजून चालू का नाय?"

"आलोच मी. इथंच हाय."

"इथं म्हंजे?"

"खांबाशी."

"मला दिसतंय तू कुठं हाय ते. तुझा ठिपका नि गाडी एकावर एक दिसतंय. बस ना मग."

"बसतो."

"बाबा." तिचा आवाज खाली आला. "गाडी नाय ना तिथं?"

मी तिच्याशी आजवर खोटे बोललो नाही असे नाही, पण या वेळी खोटे बोलण्याची सोयच नव्हती. मी गाडीत बसलो असे म्हटले असते तरी तिच्या मोबाइलमध्ये फेरी सुरू झालेली दिसली नसती.

"दिसत नाय," मी म्हटले. "पण दिसंल."

"नकाशात तुमी दोघं एका जागी हाव."

"मग असू."

नंतर विचार करता माझ्या लक्षात आले की नकाशाचे काहीच चुकले नव्हते. नकाशा वरून पाहतो. त्याला उत्तर-दक्षिण कळते, पूर्व-पश्चिम कळते, पण कोण कोणाच्या डोक्यावर उभा आहे हे त्याला कळत नाही. मी आणि ती गाडी खरोखरच एका ठिकाणी होतो. मधे फक्त एक छत होते.

"इकडं नावं पुकारायला लागलेत," दिपिका म्हणाली. "रांग लागलीय. मी येते बाहेर."

"येऊ नको."

"मी सांगते त्यांना, बॅग उतरवून देतील. होतं तसं."

"दिपिका, येऊ नको म्हणतो ना."

"मग तिथं असा उभा राहशील काय संध्याकाळपर्यंत? आज मी हाय फोन करायला. उद्या कोण हाय?"

तिच्या मागे कोणीतरी इंग्रजीत काही सांगत होते, माणसे चालत होती.

"रांगेत शेवटी उभी राहा," मी म्हटले. "तुझ्या पुढं माणसं हायत तवर मला वेळ दे. बस."

"नि नाय झालं तर?"

"नाय झालं तर ये बाहेर. मी अडवणार नाय."

फोन बंद झाला.

मी त्या खांबाला पाठ टेकून उभा राहिलो. माझी अवस्था मोठी विचित्र झाली होती. क्षणभर, खरे सांगायचे तर, मला असेही वाटून गेले की गाडी न मिळाली तर काय वाईट. ती बाहेर येईल, आम्ही दोघे एसटीच्या खिडकीशी बसू, रात्री चुलीवर भात शिजेल. कोणी मला दोष देणार नाही. मी मुद्दाम काही केले असे कोणी म्हणणार नाही. फक्त उभे राहायचे होते.

परंतु तिने विचारलेला प्रश्न माझ्या कानात तसाच होता. उद्या कोण आहे.

मी पुन्हा खांबाकडे पाहिले. लाल, हे नक्की. निलेशही लाल म्हणतो. दोघेही लालच म्हणत असताना दोघांचे लाल वेगळे कसे असतील? आणि या ठिकाणी मला गेल्या सालचे ते पनवेलचे गिऱ्हाईक आठवले. त्याने मूर्तीचे सोवळे लाल करा म्हणून सांगितले होते. मी केले. मूर्ती न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, हे चॉकलेटी झाले, मला लाल हवे होते, आणि शेजारच्या मूर्तीच्या सोवळ्यावर त्याने बोट ठेवले. ते सोवळे शेंदरी होते. मी त्याला म्हणणार होतो की अहो, हा शेंदरी आहे, याचा लालाशी संबंध नाही. तेवढ्यात दिपिका मधे पडली. "उद्या या, करून ठेवतो," असे त्याला सांगून तिने वाटेला लावले, आणि मग मला म्हणाली, "बाबा, लोकांचा लाल तुझा लाल नसतो. त्यांनी लाल म्हटलं की आधी विचारायचं, कशासारखा."

मला हे विचारायची सवय नव्हती, कारण विचारणारी घरात होती. गिऱ्हाईक जे बोले ते ती माझ्या भाषेत आणून मला सांगे, आणि मी त्याप्रमाणे रंग कालवी.

मी निलेशला फोन लावला. फोन लागला.

"बोला काका. मला काढायला लावतायत गाडी."

"तुमचा लाल कशासारखा हाय?"

"आँ?"

"खांब. खांबाचा लाल कशासारखा दिसतो ते सांगा. कुंकवासारखा, का विटेसारखा, का कसा?"

"लाल म्हंजे लाल हो, काका," तो वैतागून म्हणाला. मग बहुधा त्याने खांबाकडे नीट पाहिले असावे. "मारुतीला लावतात ना, तसा."

"उभे राहा," मी म्हटले. "मी वरच्याच मजल्यावर येतो. तुमच्या पायाखाली हाय मी."

लिफ्टच्या दारावरचा आकडा पार वरच्या मजल्याचा होता आणि तो हलत नव्हता. मी गाड्या जातात त्या चढावाकडे निघालो, तर एका सुरक्षारक्षकाने हाताने थांबवले. त्या वाटेने पायी जायला मनाई होती. त्याने जिन्याचे दार दाखवले. दार जड होते, ते खांद्याने ढकलावे लागले. जिना अरुंद होता. माझ्या गुडघ्यांना तो मानवणारा नव्हता, तरीही मी कठडा धरून चढलो. वरचे दार उघडले आणि शेंदरी खांबांचा मजला समोर आला.

येथे मात्र माणसे होती, सामान होते, एकामागे एक उभ्या गाड्या होत्या, शिट्टी वाजवणारा एक गडी होता. कोणी फोनवर आपण कोठे उभे आहोत ते ओरडून सांगत होते, कोणी गाडीच्या मागच्या पाटीवरील आकडे वाचत पळत होते. इतकी माणसे माझ्या डोक्यावर वावरत होती आणि खाली मला त्यांचा मागमूसही लागला नव्हता.

बारा क्रमांकाच्या खांबापासून एक पांढरी गाडी हळूहळू पुढे सरकू लागली होती. तिच्या खिडकीतून एक तरुण मान बाहेर काढून मागे पाहत होता. मी हात वर केला.

या वेळी तो त्याला दिसला.

"हरेश काका?"

"मीच."

"बसा, बसा, आधी बसा."

मी मागच्या आसनावर बसलो. रिकाम्या डब्यांची पिशवी मांडीवर घेतली. दिपिकाने पाठ करून घेतलेले चार आकडे मी त्याला सांगितले. त्याने ते समोरच्या मोबाइलमध्ये घातले आणि पडद्यावर बोट सरकवले.

"झाली चालू," तो म्हणाला.

"तिला दिसलं असंल?"

"लगेच दिसतं."

गाडी शेंदरी खांबांमधून निघाली, उताराला लागली, गोल फिरत फिरत खाली आली. मी उभा होतो तो मजलाही वाटेत गेला. मोबाइल मी हातातच धरून ठेवला होता. उतारावर त्याला रेंज नव्हती. बाहेर उन्हात आल्यावर त्याने एकदा आवाज केला. दिपिकाने आपल्या आवाजातला निरोप पाठवला होता.

"बाबा, चालू झालेली दिसली. माझ्या मागं कोण नव्हता रांगेत. आता चढते मी. फोन बंद करते हां. पिशवीतले डबे घासून ठेव, तसेच ठेवू नको."

एवढेच होते. मी ते दोनदा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकावेसे वाटले, पण समोर परका माणूस होता. मग मी तिला फोन लावून पाहिला. फोन बंद असल्याचे एका बाईने मराठीत आणि नंतर हिंदीत सांगितले.

मला तिला काही विशेष सांगायचे नव्हते. लाल कशासारखा ते मी विचारले, एवढेच सांगायचे होते. ती हसली असती. पनवेलच्या गिऱ्हाइकाची तिने पुन्हा नक्कल करून दाखवली असती.

"चुकलो कुठं माहीताय?" मी निलेशला म्हटले. "तो मजला शेंदरी हाय. मी लाल शोधत होतो."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले. "लालच हाय की तो, काका."

"शेंदरी हाय."

"बरं, शेंदरी," तो म्हणाला. त्याने ते मला बरे वाटावे म्हणून म्हटले होते.

वाशीची खाडी ओलांडल्यावर तो आपल्याविषयी बोलू लागला. त्याचे गाव आमच्याही पुढे, खांब नावाचे. नवी मुंबईत चौघांत मिळून एक खोली घेतलेली. सणावाराव्यतिरिक्त घरी जाणे होत नाही. कधी ॲपवर या दिशेची फेरी लागली तरच तो पुढे घरापर्यंत जाऊन येतो.

"आज लागली म्हणून म्हटलं, काय झालं तरी कॅन्सल करायची नाय," तो म्हणाला. "रातच्याला जेवायला घरी. बायकोला सांगितलंपण नाय."

"सांगा की."

"नको. आधी सांगितलं नि फेरी गेली की तिचं तोंड बघवत नाय."

मी मान हलवली. खिडकीबाहेर पनवेल मागे पडले, तारा आणि जिते ही गावे गेली. रस्त्याच्या कडेला मूर्तींच्या दुकानांवर निळे कापड ओढून ठेवलेले होते. आकाशात एखादे विमान दिसते का म्हणून मी एक-दोनदा पाहिले. दिसले नाही, आणि दिसले असते तरी ते तिचे आहे हे मला कसे कळले असते.

माझ्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा ऊन उतरले होते. दाराला मी सकाळी लावलेले कुलूप होते. निलेशला मी चहा घेऊन जा म्हणालो, पण माझ्या घरात चूल पेटायला वेळ लागेल हे त्याला कुलपावरून कळले असावे. तो म्हणाला, "पुन्हा कधी आलो की घेईन. खांब अजून लांब हाय."

मी उतरण्यासाठी दार उघडले आणि तसाच बसून राहिलो. समोरच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावरील गाडीचे लहानसे चित्र आमच्या घरावर येऊन थांबले होते.

"हे तिला अजून दिसतंय काय?" मी विचारले.

"आता नाय. फोन बंद असंल तिचा. तिकडं उतरल्यावर चालू केला की दिसंल, बाबा पोचले म्हणून. मी फेरी बंद केली की तसा मेसेज जातो."

"नि बंद नाय केली तर?"

"तर चालूच दिसंल." त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले. "पण बंद तर करायलाच लागंल, काका."

"व्हय. ते बराबर हाय."

तो बोट पडद्याजवळ धरून थांबला. त्याला घरी जायचे होते, दिवस मावळायला लागला होता, तरीही त्याने घाई केली नाही.

"करू ना बंद?" त्याने हळूच विचारले.

मी पिशवी उचलली, रस्त्यावर उतरलो, गाडीचे दार लावून घेतले.

"करा," मी म्हटले.